आंतरधर्मीय नोंदणी विवाह आणि वारसांचे हिस्से

पनवेल तालुक्यातील ओवे हे खारघरला लागून असलेले गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झालेल्या या पट्ट्यात संपत्ती म्हणजे केवळ सातबाऱ्यावरचे नाव राहिलेले नाही. साडेबारा टक्के योजनेतील भूखंड, सोसायटीतील सदनिका, बँकेतील ठेव आणि भविष्य निर्वाह निधी असे तिचे नाना प्रकार झाले आहेत. अशा कुटुंबातील मुलगा किंवा मुलगी अन्य धर्मीय जोडीदाराशी नोंदणी पद्धतीने विवाह करते तेव्हा घरात रुसवेफुगव्यांची चर्चा भरपूर होते. पण त्या दिवशी त्या व्यक्तीचा वारसा ठरवणारा कायदाच बदलतो, हे बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा बदल विशेष विवाह अधिनियम, १९५४ याच्या कलम २१ ने घडवून आणला आहे. हा अधिनियम १ जानेवारी १९५५ पासून अमलात आला. त्यानुसार विवाह केलेल्या व्यक्तीच्या, तसेच त्या विवाहातून झालेल्या संततीच्या संपत्तीचा वारसा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे ठरतो, असे हे कलम सांगते. १९२५ चा अधिनियम विनामृत्युपत्र वारशाच्या बाबतीत एरवी हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन यांना लागू नाही. मात्र त्याच्याच कलम २९ मध्ये ‘अन्य कोणत्याही कायद्याने तरतूद केली असेल त्याव्यतिरिक्त’ अशा आशयाची वाट मोकळी ठेवलेली आहे आणि १९५४ चा अधिनियम त्याच वाटेने आत येतो. विवाहाने कोणाचा धर्म बदलत नाही. बदलतो तो वारसा मोजण्याचा नियम.

या नियमाला १९७६ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाचा अपवाद जोडला. कलम २१-क नुसार वर आणि वधू दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील, तर कलम २१ लागू होत नाही आणि हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ कायम राहतो. म्हणून हिंदू आणि बौद्ध जोडप्याने याच अधिनियमाखाली विवाह केला, तरी त्यांचा वारसा १९५६ च्या अधिनियमाने ठरतो; हिंदू आणि ख्रिस्ती किंवा हिंदू आणि मुस्लिम जोडप्याचा मात्र १९२५ च्या. विवाहापूर्वी जोडीदाराने धर्मांतर केले होते काय, हा प्रश्न त्यामुळे निव्वळ श्रद्धेचा राहत नाही, कारण उत्तर ‘होय’ असेल तर सगळे हिस्से बदलतात.

हिशेब पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. ओव्यातील एका हिंदू गृहस्थाचा विवाह १९५४ च्या अधिनियमाखाली ख्रिस्ती स्त्रीशी झाला, त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी आहे, गृहस्थाची आई हयात आहे आणि मृत्युपत्र न करता तो ९० लाख रुपयांची स्वकष्टार्जित मालमत्ता मागे ठेवून वारला, असे समजू. १९२५ च्या अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे विधवेला एक तृतीयांश, म्हणजे ३० लाख मिळतील आणि उरलेले ६० लाख दोन्ही मुलांत सारखे विभागून प्रत्येकाच्या वाट्याला ३० लाख येतील. मुलगा आणि मुलगी असा भेद तेथे नाही. आईला काहीही मिळणार नाही. हाच विवाह दोन हिंदूंचा असता, तर आई, विधवा आणि दोन मुले हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस ठरून प्रत्येकाला साडेबावीस लाख मिळाले असते.

मूल नसेल तर चित्र पुन्हा पालटते. विधवेला निम्मे, म्हणजे ४५ लाख मिळतात आणि उरलेले निम्मे मृताच्या रक्ताच्या नातेवाइकांकडे जाते. त्यांत वडील हयात असतील तर ते सारे वडिलांचे, आईचे नव्हे. वडील नसतील तर आई आणि भावंडे ती रक्कम सारखी वाटून घेतात, त्यामुळे आई आणि दोन भाऊ असल्यास प्रत्येकी १५ लाख. पत्नी आधी वारली तर तिच्या मालमत्तेत पतीचा हिस्सा याच मापाने ठरतो.

आईला वगळणारा हा नियम या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत कठोर भाग आहे, कारण १९५६ चा अधिनियम मृताच्या आईला, तर मुस्लिम कायदा आई-वडील दोघांनाही मुलांच्या बरोबरीने वारसांत स्थान देतो. मृत व्यक्ती हिंदू असेल तर हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ नुसार आई ‘आश्रित’ या व्याख्येत येते आणि वारशाने मिळालेल्या मालमत्तेतून तिच्या निर्वाहाची मागणी करता येते. मात्र वारस स्वतः हिंदू नसतील तेव्हा ही मागणी वादात सापडू शकते. खरा उपाय मृत्युपत्र हाच आहे. त्यात आईला सदनिकेत आजन्म राहण्याचा हक्क किंवा ठेवीतील ठराविक वाटा स्पष्ट लिहून देता येतो आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असल्या की नोंदणी न करताही ते वैध ठरते.

एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा प्रश्न वेगळा आहे. कलम १९ नुसार एकत्र कुटुंबातील हिंदू सदस्याने अन्य धर्मीयाशी असा विवाह केला की तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असे मानले जाते. याचा अर्थ त्याचा वडिलोपार्जित हिस्सा बुडतो असा गावात सर्रास लावला जातो आणि तो चुकीचा आहे. विवाहाच्या दिवशी त्याचा हिस्सा निश्चित होतो आणि त्यानंतर घरातील जन्म-मृत्यूंनी तो कमीजास्त होत नाही, इतकेच. वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेतील त्याचा वारसाही कलम २० मुळे शाबूत राहतो. या कलमाने १८५० च्या जाति-अपात्रता निवारण अधिनियमाचे संरक्षण त्याला दिले आहे. साडेबारा टक्क्यांचा भूखंड वडिलोपार्जित जमिनीच्या मोबदल्यात मिळाला असेल, तर तो वडिलांच्या एकट्याच्या नावे असल्याने आपोआप त्यांची स्वतंत्र मालमत्ता होत नाही, हा युक्तिवाद अशा दाव्यांत महत्त्वाचा ठरतो.

व्यवहारात चूक होते ती बहुधा कागद वाचताना. ‘रजिस्टर लग्न’ या नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी येतात: धार्मिक विधीने झालेल्या विवाहाची महाराष्ट्राच्या १९९८ च्या अधिनियमाखालील नोंद, आणि तीस दिवसांच्या नोटिशीनंतर विवाह अधिकाऱ्यापुढे लागलेला विवाह. कलम २१ पहिल्या नोंदीने लागू होत नाही. हिंदू आणि ख्रिस्ती जोडप्याने नुसत्या हिंदू विधीने विवाह करून त्याची नोंद केली असेल तर संकट आणखी गंभीर आहे, कारण हिंदू विवाह अधिनियमाखाली दोघेही हिंदू असणे आवश्यक असून, असा विवाह शून्यवत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गुल्लीपिल्ली सोवरिया राज प्रकरणात म्हटले आहे. अशा वेळी विधवेला ‘विधवा’ म्हणून उभे राहणेच कठीण होते. म्हणून प्रमाणपत्राच्या मथळ्यावर कोणत्या अधिनियमाचे नाव आहे, हे प्रथम पाहावे.

त्यानंतर येतो वारस फेरफार. अर्जातील नातेवाइकांची यादी हिंदू उत्तराधिकाराच्या सवयीने भरली जाते आणि आईचे नाव विधवेच्या बरोबरीने लागते, किंवा उलट विधवेला वगळून भावांची नावे चढतात. फेरफार नोंदीने मालकी निर्माण होत नाही, तरी पुढची खरेदी-विक्री त्या नोंदीवर चालते, म्हणून हरकतीची मुदत असतानाच विवाह प्रमाणपत्र जोडून लेखी हरकत घेणे श्रेयस्कर. बँकेतील ठेवी आणि रोख्यांसाठी १९२५ च्या अधिनियमाखालील वारसा प्रमाणपत्र दिवाणी न्यायालयातून घ्यावे लागते. स्थावर मालमत्तेसाठी महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखला मागितला जातो. दोन्ही अर्जांत विवाह कोणत्या अधिनियमाखाली झाला हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे आणि हिस्से अपूर्णांकात मांडावेत. नामनिर्देशनावर मात्र विसंबू नये. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईतून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी कंपनीच्या शेअरबाबत स्पष्ट केले, की नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही आणि मालमत्ता उत्तराधिकाराच्या कायद्याप्रमाणेच वारसांकडे जाते.