चाचणीचे निवेदन : दोन कालश्रेणींचा संबंध मांडण्यापूर्वी

शोधनिबंधाची भाषा आपण या पुस्तिकेत अभ्यासत आहात. या घटकात अर्थशास्त्रीय शोधनिबंधातील एका छोट्या परिच्छेदाचा विचार करू. दोन कालश्रेणींचा, म्हणजे काळानुसार नोंदलेल्या आकड्यांच्या दोन मालिकांचा, संबंध मांडण्यापूर्वी केलेल्या तपासणीचे निवेदन या परिच्छेदात असते. अनेक निबंधांत तो गाळला जातो किंवा एका संदिग्ध वाक्यात उरकला जातो.

उदाहरण

समजा, बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथील सोयाबीनचा भाव लातूरच्या मोठ्या बाजारपेठेतील भावाशी बांधलेला आहे का, हे एका अभ्यासकाला पाहायचे आहे. प्रश्न व्यवहाराचा आहे. दोन्ही बाजार खरोखर बांधलेले असतील, तर अंबाजोगाईच्या शेतकऱ्याला गाडीभाडे खर्चून लातूर गाठण्याचे कारण फारसे उरत नाही. बांधलेले नसतील, तर जवळच्या बाजारात विकणारा शेतकरी दीर्घकाळ तोट्यात राहू शकतो.

अभ्यासकाने २०१४ ते २०२३ या दहा वर्षांचे मासिक भाव, म्हणजे १२० नोंदी, घेतल्या. अंबाजोगाईच्या भावाचे लातूरच्या भावावर समाश्रयण केले, अर्थात एका भावावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा काढली. रेषा उत्तम जुळली. येथेच थांबून ‘संबंध सिद्ध झाला’ असे लिहिता येईल का?

जुळणारी रेषा का फसवते?

१९२६ साली इंग्लंडमधील संख्याशास्त्रज्ञ यूल यांनी दाखवले की, १८६६ ते १९११ या काळात चर्चमध्ये झालेल्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा सहसंबंध ०.९५ इतका येतो. दोन्ही गोष्टी त्या काळात घटत होत्या. त्यापलीकडे त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे १९७४ साली ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी परस्परांशी संबंध नसलेल्या भटकत्या श्रेणी मुद्दाम तयार केल्या. त्यांच्या समाश्रयणातही वारंवार ‘लक्षणीय’ संबंध दिसला.

भटकती श्रेणी म्हणजे काय? बीडचा वार्षिक पाऊस घ्या. एखादे वर्ष कोरडे गेले, तरी पुढील वर्षांचे आकडे पुन्हा सरासरीच्या आसपास येतात. अशी श्रेणी स्थिर म्हणावी. भावाचे तसे नसते. या महिन्याचा भाव म्हणजे मागील महिन्याचा भाव अधिक नवा धक्का, असे असेल, तर प्रत्येक धक्का पुढे कायम राहतो आणि श्रेणीला परतण्यासाठी सरासरीच उरत नाही. अशा श्रेणीत ‘युनिट रूट’ आहे, असे म्हणतात. तिच्यावर नेहमीची लक्षणीयतेची कसोटी लागू पडत नाही.

पहिली पायरी : युनिट रूटची चाचणी

यासाठी डिकी-फुलर चाचणीचे विस्तारित रूप वापरतात. (पुढील निष्कर्षांचे आकडे केवळ सरावासाठी कल्पिले आहेत.) लातूरच्या भावासाठी चाचणीमूल्य उणे १.९ आले व अंबाजोगाईसाठी उणे २.१. १२० नोंदी असताना आणि चाचणीत केवळ स्थिरांक धरला असताना पाच टक्के पातळीची मर्यादा सुमारे उणे २.८९ आहे. दोन्ही मूल्ये तिच्याखाली उतरली नाहीत. नंतर प्रत्येक महिन्याच्या भावातून मागील महिन्याचा भाव वजा करून मिळालेल्या फरकांवर तीच चाचणी केली. मूल्ये उणे ७.८ व उणे ८.१ आली. म्हणजे भाव भटकते, पण त्यांतील मासिक बदल स्थिर.

येथे शब्दयोजना महत्त्वाची आहे. या चाचणीचे शून्य गृहीतक ‘युनिट रूट आहे’ असे असते. म्हणून ‘युनिट रूट सिद्ध झाला’ असे लिहू नये. ‘युनिट रूटचे गृहीतक फेटाळता आले नाही’ असे लिहावे. आरोपीविरुद्ध पुरावा अपुरा पडणे आणि तो निर्दोष ठरणे यांत जितके अंतर, तितकेच या दोन वाक्यांत आहे. श्रेणी लहान असली की चाचणी दुबळी पडते आणि गृहीतक उगाच टिकून राहते. म्हणून काही अभ्यासक केपीएसएस ही चाचणीही जोडतात. तिचे शून्य गृहीतक नेमके उलट, म्हणजे ‘श्रेणी स्थिर आहे’ असे असते. दोन्हींचा कौल जुळला, तर निष्कर्षाला बळ येते.

दुसरी पायरी : सहएकात्मतेची चाचणी

दोन भाव स्वतंत्रपणे भटकत असले, तरी त्यांतील अंतर भटकत नसेल, हे शक्य आहे. लातूरचा भाव वाहतूकखर्चाहून अधिक वर गेला की व्यापारी माल तिकडे नेतात आणि अंतर पुन्हा कमी होते. अशा बांधिलकीला सहएकात्मता म्हणतात. १९८७ साली एंगल आणि ग्रेंजर यांनी तिची सोपी चाचणी मांडली : आधी समाश्रयण करावे, मग प्रत्येक महिन्याचा प्रत्यक्ष भाव आणि रेषेवरील भाव यांतील फरक, म्हणजे अवशेष, स्थिर आहेत का ते पाहावे.

सर्वाधिक चूक येथे होते. अवशेषांवर चाचणी करताना वरचीच उणे २.८९ ही मर्यादा वापरली जाते. संगणकही विचारल्यास तीच पुढे करतो. परंतु अवशेष लहानात लहान व्हावेत, अशीच रेषा आपण निवडलेली असते. त्यामुळे ते मुळातच स्थिर भासतात आणि मर्यादा अधिक कडक हवी. दोन श्रेणी व १२० नोंदी असता ती सुमारे उणे ३.३९ आहे. आपल्या उदाहरणात मूल्य उणे ४.२ आले, असे धरू. सहएकात्मता नसल्याचे गृहीतक आता फेटाळता येते.

यानंतरच संबंधाविषयी लिहावे, आणि तेही दुरुस्तीच्या वेगाच्या भाषेत. मागील महिन्यातील तफावतीचा ३० टक्के भाग पुढील महिन्यात भरून निघत असेल, तर निम्मी तफावत सुमारे दोन महिन्यांत मिटते. शेतकऱ्याला उपयोगी पडेल असा आकडा हाच. सहएकात्मता आढळली नसती, तर भावांऐवजी त्यांतील मासिक बदलांचे समाश्रयण करणे योग्य ठरले असते.

निवेदनाचा नमुना

‘दोन्ही भावांचे लॉगरिथम घेतले. स्थिरांकासह केलेल्या विस्तारित डिकी-फुलर चाचणीत विलंबांची संख्या अकाइके निकषाने ठरवली. मूळ श्रेणींत युनिट रूटचे गृहीतक फेटाळता आले नाही (लातूर उणे १.९, अंबाजोगाई उणे २.१, मर्यादा उणे २.८९), प्रथम फरकांत ते फेटाळले गेले (उणे ७.८, उणे ८.१, मर्यादा तीच). एंगल-ग्रेंजर चाचणीचे मूल्य उणे ४.२ असून मर्यादा उणे ३.३९ आहे.’

या चार वाक्यांवरून दुसरा अभ्यासक तीच तपासणी पुन्हा करू शकतो. ‘आवश्यक चाचण्या केल्या’ या वाक्यावरून त्याला काहीच करता येत नाही.

एक मर्यादाही नोंदवावी. २०२१ साली सोयाबीनचा भाव दहा हजार रुपये क्विंटलच्या घरात गेला आणि मग कोसळला. अशी उलथापालथ स्थिर श्रेणीलाही भटकती भासवू शकते, हे पेराँ यांनी १९८९ साली दाखवले. म्हणून तो काळ वगळून चाचणी पुन्हा करावी आणि कौल बदलल्यास तसे लिहावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

अवशेषांवरील चाचणीमूल्य उणे ३.१ आले असते, तर निबंधात कोणता निष्कर्ष लिहिला असता? चुकीची मर्यादा वापरणाऱ्याने कोणता लिहिला असता? दोन्ही निष्कर्ष प्रत्येकी एका वाक्यात लिहा आणि त्यांतील फरक शेतकऱ्याच्या दृष्टीने स्पष्ट करा.