इक्षुकाम्ल म्हणजे काय?

गेल्या मे महिन्यात आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी परीक्षेच्या दिवशी तोंडाला ओढणी गुंडाळून बसलेली दिसली. उन्हाळ्यात फैजपूर-सावद्याच्या रस्त्यावर दुचाकीवरून येणाऱ्या सगळ्याच मुली तोंड बांधून येतात. परंतु वर्गात आल्यावरही तिने ओढणी सोडली नाही, म्हणून पेपर संपल्यावर विचारले. दोन्ही गालांची कातडी भाजल्यासारखी लाल होऊन सोलवटली होती. आदल्या आठवड्यापासून ती काळे डाग घालविणारे एक मलम लावीत होती. गावातल्या डॉक्टरांकडे ती गेली तेव्हा त्यांनी साहजिकच पहिला प्रश्न केला, की मलमात काय होते? खोके केव्हाच कचऱ्यात गेले होते. नळी लहान असल्याने तिच्यावर घटकांची यादी नव्हती. उरले होते ते मराठीतले माहितीपत्रक. त्यात मुख्य घटक म्हणून 'इक्षुकाम्ल' असे छापलेले होते.

डॉक्टरांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता. औषधाच्या दुकानदारानेही ऐकला नव्हता. मुलीने मात्र त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. इक्षु म्हणजे ऊस, म्हणजे हा उसाच्या रसाचा काही तरी निरुपद्रवी अर्क असणार. दोन दिवसांनी दुकानात त्याच मलमाचे दुसरे खोके सापडले आणि त्यावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांतून उलगडा झाला. ते ग्लायकॉलिक ॲसिड होते, दहा टक्के.

हे आम्ल उसात अल्प प्रमाणात असते हे खरे. पण बाजारातील बहुतेक ग्लायकॉलिक ॲसिड कारखान्यात इतर रसायनांपासून बनते आणि त्याच्या गुणधर्मांशी उसाच्या गोडीचा काही संबंध नाही. भाषांतरकाराचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. मराठी ग्राहकाला मराठी शब्द द्यावा, एवढेच त्याने मनाशी धरले असावे. मी अर्थशास्त्राचा अध्यापक, रसायनशास्त्राचा नव्हे. तरीही हा प्रश्न मला माझ्या विषयाच्या अंगणातला वाटतो, कारण वस्तूच्या नावाचा बाजाराशी जो संबंध आहे तोच येथे बिघडला आहे.

सौंदर्यप्रसाधनांतील घटकांना जगभर एकच नाव असावे, यासाठी अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेने 1973 साली एक कोश प्रसिद्ध केला. आज आंतरराष्ट्रीय म्हणून चालणाऱ्या नामावलीचा तो आरंभ होय. तीत पाण्याला 'ॲक्वा' म्हणतात, वनस्पतींची नावे लॅटिनमध्ये येतात (आपल्या रावेर-यावलचे केळे तेथे 'मुसा' होऊन बसते) आणि रसायनांना ठरावीक नावे असतात. भारतात 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या प्रमाणाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. साठ मिलिलीटरपेक्षा कमी द्रव आणि तीस ग्रॅमपेक्षा कमी घट्ट पदार्थ यांच्या पुड्यांना या यादीतून सूट आहे. लहान नळ्यांच्या बाबतीत खोके आणि माहितीपत्रक यांना महत्त्व येते ते यामुळे.

ही नावे म्हणजे वर्णने नव्हेत, त्या केवळ खुणा आहेत, ही गोष्ट ध्यानात घेतली की भाषांतराचा मोह आपोआप आवरतो. त्या नावांच्या व्युत्पत्ती पाहाव्यात. मलमे दाट करण्यासाठी वापरले जाणारे 'सेटिल अल्कोहोल' हे देवमाशाच्या डोक्यातील मेणापासून प्रथम मिळाले, म्हणून त्याच्या नावात देवमाशाचा लॅटिन शब्द आहे. आज ते बहुधा पाम किंवा खोबरेल तेलापासून करतात. 'कॅप्रिलिक' या नावात बकरी दडलेली आहे, आणि तो पदार्थ येतो खोबरेलातून. आता कोणी निष्ठावंत भाषाभिमानी या दोहोंचे 'तिमिमद्य' आणि 'अजाम्ल' असे भाषांतर करील तर शाकाहारी घरातील गृहिणी ते मलम उंबऱ्याच्या आत घेणार नाही, आणि तिला दोषही देता येणार नाही.

अल्कोहोल या एका शब्दाने तर बराच गोंधळ माजविला आहे. सेटिल अल्कोहोल हे पांढऱ्या मेणाच्या पापुद्र्यांसारखे असते आणि त्वचा मऊ ठेवते. त्याच यादीत कधी कधी 'अल्कोहोल डिनॅट' असते. तो पिण्यास अयोग्य केलेला मद्यार्क असून त्वचा कोरडी करू शकतो. माहितीपत्रकात दोघांना 'मद्यार्क' म्हटले की कोरड्या त्वचेच्या बाईने काय टाळावे हे कळण्याचा मार्गच बंद होतो.

'आम्ल' हा शब्द मात्र चांगला आहे, शालेय पुस्तकांत रुळलेला आहे, आणि तो नाकारण्याचे मला कारण दिसत नाही. अडचण वेगळी आहे. आपल्याकडे घराघरांत 'ॲसिड' म्हणजे फरशी धुण्याची बाटली किंवा बॅटरीतले पाणी. त्यामुळे 'हायलुरॉनिक ॲसिड' हे केवळ ओलावा धरून ठेवणारे सौम्य द्रव्य पाहून लोक दचकतात, आणि 'इक्षुकाम्ल' या संस्कृत पेहरावातले तीव्र द्रव्य निर्धास्तपणे गालाला चोळतात. भीती जिथे हवी तिथे नाही आणि नको तिथे आहे.

कारभारात दशमान पद्धत आली तेव्हाचा अनुभव येथे आठवावा. 1956 च्या कायद्यानंतर किलो आला. त्याला कोणी शेर म्हटले नाही, कारण शेर गावोगाव निराळा होता आणि किलो सर्वत्र एकच हवा होता. मराठीने 'किलो' पचविला. पण 'मोजून द्या', 'कमी भरले', 'वजनात मारले' ही सगळी बोली मराठीच राहिली. घटकांच्या बाबतीत हीच वाटणी करावी असे मला वाटते. नाव परके राहू द्यावे, आणि ते काय करते व त्यापासून काय जपावे, एवढे मात्र अस्सल मराठीत सांगावे.

तसे करून पाहण्यासाठी मी, रसायनशास्त्राचे माझे एक सहकारी आणि ती विद्यार्थिनी असे तिघे एका दुपारी बसलो. नाव आम्ही देवनागरीत 'ग्लायकॉलिक ॲसिड' असे लिहिले आणि शेजारी खोक्यावरील रोमन अक्षरे जशीच्या तशी उतरवली. रोमन नाव सोडून चालत नाही, हे सहकाऱ्यांनी पटवून दिले. देवनागरीत कोणी ग्लायकॉलिक लिहितो, कोणी ग्लायकोलिक, आणि त्यापासून अगदी निराळी असलेली ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल ही नावे ऐकणाऱ्याच्या कानाला सारखीच वाटतात. डॉक्टरांना किंवा दुकानदाराला दाखवायचे ते रोमन नावच.

मग कार्य. परिभाषाकोशाच्या वळणाने 'अपपर्णक' असा काही शब्द बनविता आला असता, पण तो ऐकून विद्यार्थिनी म्हणाली, "सर, हा शब्द कळायला पुन्हा कोणाला तरी विचारावं लागेल." शेवटी आम्ही लिहिले, की हे द्रव्य कातडीच्या अगदी वरच्या मृत थराची पकड सैल करते, तो थर लवकर झडतो आणि खालची नवी कातडी वर येते. या एका वाक्यानेच इशाऱ्याचे अर्धे काम केले, कारण नवी कातडी नाजूक असणार हे कोणालाही सांगावे लागत नाही.

मूळ माहितीपत्रकात इशारा होता, नव्हता असे नाही. 'सूर्यसंवेद्यता वर्धक, प्रकाशप्रतिबंधक लेपाचा अवलंब करावा' असा तो होता. मुलीने तो वाचला होता आणि लेप म्हणजे चंदनाचा समजून दोन दिवस लावलाही होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 साली अशा आम्लांच्या प्रसाधनांवर जो इशारा छापण्याची शिफारस केली, त्याचा आशय आम्ही असा उतरविला: हे लावीत असाल त्या काळात आणि लावणे थांबविल्यानंतर पुढे आठवडाभर उन्हाने कातडी भाजण्याची शक्यता वाढते; सनस्क्रीन लावा, अंग झाका, उन्हात कमी फिरा. 'सनस्क्रीन' तसेच ठेवले, दुकानात तेच मागावे लागते. आठवडाभराची गोष्ट मूळ माहितीपत्रकात अजिबात नव्हती, आणि खानदेशातल्या मे महिन्यात तीच सर्वांत महत्त्वाची. लावणे बंद केले म्हणून दुसऱ्याच दिवशी भर दुपारी बाहेर पडणारा माणूस सुरक्षित झालेला नसतो.

दहा टक्के हा आकडाही सांगावासा वाटला. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने हे आम्ल घरगुती वापरासाठी सुरक्षित ठरविले ते तीन अटींवर. प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असावे, पीएच साडेतीनहून कमी नसावा, आणि उन्हापासून संरक्षणाची सूचना तरी सोबत असावी किंवा मुळात उन्हाची बाधा वाढणार नाही अशी वस्तूची घडण असावी. नावात यातले काहीच कळत नाही. तेच नाव दोन टक्क्यांच्या डबीवरही असते. पीएच तर बहुतेक खोक्यांवर छापलेलाच नसतो, तेव्हा ती बाजू ग्राहकाच्या नजरेआड राहते.

'इरिटेशन' या शब्दापाशी आमचे बराच वेळ अडले. कोशात 'प्रक्षोभ' सापडतो, पण तो मनाचाही असतो आणि जमावाचाही. वास्तविक मराठीला येथे शब्दांचा तोटा नाही, उलट ती इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे: चुरचुरणे, खाजणे, आग होणे, लाल होणे, पुरळ उठणे, सोलवटणे. थोडेसे चुरचुरणे काही वेळाने थांबले तर ती एक गोष्ट; आग थांबत नाही आणि कातडी सोलवटते ही दुसरी, आणि तेव्हा मलम धुऊन डॉक्टरांकडे जायचे. एका 'प्रक्षोभा'त या दोन्ही अवस्था एकत्र होतात.

आपल्या कायद्याने ही वाटणी एका ठिकाणी फार पूर्वीच केली आहे, याचे मला आश्चर्य वाटले. पॅराफिनिलिनडायअमीन असलेल्या केसांच्या कलपावरचा इशारा आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापला पाहिजे, असा नियम आहे. रसायनाच्या नावाला हात लावलेला नाही. कृती मात्र तपशीलवार दिली आहे: कानामागे किंवा कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडी जागा धुवावी, तेथे कलप लावून वाळू द्यावा, चोवीस तासांनी धुऊन पाहावे, आणि ही चाचणी प्रत्येक वेळी करावी, भुवयांना व पापण्यांना कलप कधीही लावू नये, दृष्टी जाऊ शकते. गालाला लावायच्या आम्लांसाठी मात्र स्थानिक भाषेची अशी सक्ती माझ्या पाहण्यात नाही.

आम्ही तयार केलेला कागद त्या मुलीने घरी नेऊन आजीला वाचून दाखविला. आजीने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की आठवडाभर उन्हात जायचे नाही तर केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाईने हे लावायचे तरी कधी? आमच्या कागदावर त्याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याखाली एक ओळ वाढविली: शेतात काम असेल त्या दिवसांत लावू नये.