न झालेली घसरण

एप्रिल 2024 च्या उत्तरार्धात एका सकाळी सिंगापूरच्या बाजारात डीबीएस बँकेचा शेअर आदल्या दिवसापेक्षा सुमारे नऊ टक्के खाली उघडला. कुणाचाही एक पैसा बुडाला नव्हता. बँकेने दहा शेअरमागे एक बोनस शेअर जाहीर केला होता आणि तो दिवस एक्स-बोनसचा होता. कालपर्यंत जी मालमत्ता दहा शेअरांत वाटलेली होती ती आता अकरांत वाटली गेली, म्हणून प्रत्येकाची किंमत दहा-अकरांश झाली. भागधारकाच्या दृष्टीने प्रकरण इथेच संपते. पण जुन्या भावांची रांग मांडून ऑप्शनची किंमत काढणाऱ्याच्या तक्त्यात मात्र त्या दिवशी भलतेच काही घडू शकते.

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. 1973 साली प्रसिद्ध झालेल्या ब्लॅक-शोल्स सूत्रात या हक्काची किंमत काढायला पाच गोष्टी लागतात: शेअरचा आजचा भाव, ठरलेला भाव, उरलेली मुदत, व्याजदर आणि वार्षिक अस्थिरता, म्हणजेच व्होलॅटिलिटी. पहिल्या चार समोर दिसतात. पाचवी कुठेच छापलेली नसते. ती खरे तर येणाऱ्या काळाची हवी असते, पण हातात असतो फक्त मागचा काळ. म्हणून मागच्या भावांवरून तिचा अंदाज बांधतात.

रीत सोपी आहे. रोजचे बंद भाव एका रकान्यात उतरवायचे. आजच्या भावाला कालच्या भावाने भागून त्याचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यायचा. ही झाली त्या दिवसाची हालचाल. अशा वीस दिवसांच्या हालचालींचे प्रमाण विचलन काढले, की रोजची अस्थिरता मिळते. भाव B रकान्यात असतील तर तक्त्यात एवढेच लिहावे लागते:

```
C3:  =LN(B3/B2)        (C22 पर्यंत खाली ओढा)
D22: =STDEV.S(C3:C22)*SQRT(252)
```

शेवटचा गुणक म्हणजे वर्षातल्या व्यवहाराच्या सुमारे 252 दिवसांचे वर्गमूळ, 15.87. सरळ 252 ने का गुणायचे नाही? आजच्या हालचालीवरून उद्याची कळत नाही असे धरले, तर चढ आणि उतार एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. दिवसांगणिक बेरीज होते ती हालचालींच्या वर्गांची, म्हणून मूळ हालचाल वाढते ती दिवसांच्या वर्गमूळाच्या प्रमाणात. आणि 365 का नाहीत, तर बाजार बंद असताना भाव फारसे हलत नाहीत. फ्रेंच आणि रोल या अभ्यासकांनी 1986 मध्ये अमेरिकी शेअरांवर हे दाखवून दिले.

आता तो एप्रिलचा दिवस या तक्त्यात घालू. सोयीसाठी आकडे गोल घेतो. भाव 38.50 वरून 35 सिंगापूर डॉलरवर आला, आणि इतर दिवशी शेअर साधारण एक टक्का वरखाली होत होता. खरी वार्षिक अस्थिरता मग 16 टक्क्यांच्या आसपास येते. एक्स-बोनसच्या दिवसाचा लॉगरिदम मात्र उणे 0.0953 येतो, म्हणजे रोजच्या हालचालीच्या साडेनऊ पट. त्याचा वर्ग जवळपास नव्वद पट. वीस दिवसांच्या रांगेत हा एकटा आकडा बाकी एकोणीस जणांच्या बेरजेला सहज मागे टाकतो, आणि उत्तर येते सुमारे 37 टक्के. 250 दिवस घेतले तर तोच दोष 18.5 टक्क्यांत लपून जातो. मला हा दुसरा प्रकार अधिक घातक वाटतो, कारण 37 पाहून निदान शंका तरी येते. बोनस मोठा असेल तर लपायलाही जागा उरत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला. रोज एक टक्का हलणाऱ्या शेअरच्या 250 दिवसांच्या रांगेत अशी निम्म्याने झालेली खोटी घट राहिली, तर अस्थिरता 71 टक्के दिसेल.

हा फरक पैशात किती होतो? ठरलेला भाव आणि चालू भाव एकच असतील, तर ऑप्शनची किंमत अंदाजे 0.4 × भाव × अस्थिरता × वर्षांतल्या मुदतीचे वर्गमूळ एवढी येते. 35 डॉलरच्या शेअरवर तीन महिन्यांच्या ऑप्शनसाठी 16 टक्क्यांनी 1.12 डॉलर, तर 37 टक्क्यांनी 2.59 डॉलर. सिंगापूरच्या बाजारात अशा बँकांच्या शेअरांवर वॉरंट विकले जातात, आणि वॉरंट हा एक प्रकारचा ऑप्शनच. ज्याच्या तक्त्यात 37 आहे त्याला रास्त भावाचा वॉरंटही निम्म्याहून स्वस्त वाटेल आणि तो आनंदाने खरेदी करेल.

गंमत म्हणजे बहुतेक ठिकाणी मिळणारे जुने भाव बोनसनुसार आधीच दुरुस्त केलेले असतात. तरीही हा दोष शिरतो, आणि तो बहुधा सांध्यावर शिरतो. बोनसच्या आधी उतरवून ठेवलेल्या जुन्या फाइलला नंतरचे भाव खाली चिकटवले, की रांगेचा वरचा भाग जुन्या मापात आणि खालचा नव्या मापात. उपाय म्हणजे एक्स-बोनसच्या आधीच्या प्रत्येक भावाला 10/11 ने गुणायचे. मात्र रांग आधीच दुरुस्त आहे का ते पाहून मगच. आधीच दुरुस्त असलेल्या रांगेला पुन्हा गुणले, तर त्याच दिवशी साडेनऊ टक्क्यांचा खोटा चढ तयार होतो, आणि वर्ग घेतल्यावर चढ काय नि उतार काय, सारखेच.

ओळखायचे कसे? सर्वांत मोठी हालचाल झालेला दिवस शोधून त्या दिवशी ओसीबीसी आणि यूओबी या दुसऱ्या दोन मोठ्या बँकांचे काय झाले ते पाहावे. त्या जागच्या जागी असतील आणि आपली घट अकरांशासारख्या नेटक्या अपूर्णांकाशी जुळत असेल, तर कंपनीच्या घोषणा उघडाव्यात.

ही पडताळणी महत्त्वाची, कारण बरोबर उलट चूकही होते. 7 एप्रिल 2025 रोजी, अमेरिकेने नवे आयात शुल्क जाहीर केल्यानंतरच्या सोमवारी, सिंगापूरचा स्ट्रेट्स टाइम्स निर्देशांक एका दिवसात सुमारे साडेसात टक्के कोसळला आणि बँकांचे शेअरही त्याच्यासोबत गडगडले. तक्त्यात हा आकडा बोनसच्या घटीसारखाच दिसतो. पण ही घसरण खरी होती. तो दिवस ‘अपवाद’ म्हणून खोडणारा माणूस, ज्या धोक्यापायी लोक ऑप्शनला पैसे मोजतात तोच हिशेबातून काढून टाकतो.

तो ठेवला तरी एक पेच उरतो. वीस दिवसांच्या सरकत्या खिडकीत ती घसरण असेपर्यंत अस्थिरता फुगलेली राहते. मे उजाडल्यावर काही दिवसांतच तो दिवस खिडकीबाहेर पडतो आणि आकडा एका रात्रीत खाली येतो. त्या दिवशी बाजारात काही विशेष घडलेले असेलच असे नाही. हे टाळायला जे. पी. मॉर्गनने 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रिस्कमेट्रिक्स पद्धतीत प्रत्येक जुन्या दिवसाचे वजन पुढच्या दिवसाच्या 0.94 पट धरतात, त्यामुळे धक्का हळूहळू विरतो.

खिडकी मोठी घेतली की धक्का सौम्य होतो आणि अंदाजातली चूकही घटते. हालचाली सुरळीत असतील तर ही चूक साधारण अस्थिरता भागिले दिवसांच्या दुपटीचे वर्गमूळ एवढी असते. 16 टक्क्यांच्या उत्तरात वीस दिवसांवरून अडीच टक्के इकडे-तिकडे, 250 दिवसांवरून पाऊण टक्क्याहून थोडे कमी. पण त्या 250 दिवसांतले बरेचसे दिवस आजच्या बाजाराचे नसतात. म्हणून तीन महिन्यांच्या ऑप्शनसाठी मी आधी मागचे तीन महिने घेतो, शेजारी वर्षाचा आकडा मांडतो, आणि दोघांत मोठी तफावत दिसली की ती कोणत्या दिवसामुळे आली ते शोधून काढल्याशिवाय सूत्राला हात लावत नाही.