तीन किलो चिकन नेमकं जातं कुठे?

पाऊस सुरू झाला की ग्रुपवर एकच मेसेज फिरायला लागतो, ‘शनिवारी कर्जत?’ कोणी नेरळजवळचं फार्महाऊस शोधतं, कोणी खोपोली लोकलच्या वेळा टाकतं. आषाढ संपत आलेला असतो आणि श्रावणाआधी एकदा गटारी साजरी करायचीच असते. मग प्रश्न येतो, किती चिकन घ्यायचं? कोणीतरी आत्मविश्वासाने सांगतं, ‘माणशी पाव किलो धरा रे, बारा जणांना तीन किलो.’ सगळे थम्ब्स अप देतात. रात्री पातेल्यात डाव फिरवला की रस्सा भरपूर आणि पीस मोजून, अशी अवस्था होते.

यात ‘माणशी पाव किलो’ हा आकडा फारसा चुकीचा नाही. गडबड होते ती पाव किलो कशाचं, या प्रश्नावर. कोंबडी, मासा, मटण यांची प्रत्येकी तीन वजनं असतात. एक दुकानात काट्यावर दिसतं ते, दुसरं साफ करून पिशवीत पडतं ते आणि तिसरं शिजून, हाडं बाजूला काढल्यावर प्रत्यक्ष पोटात जातं ते. हिशेब तिसऱ्या वजनापासून सुरू करून मागे गेलात, तर बाजारात गोंधळ होत नाही.

भाकरी, भात आणि रस्सा सोबत असेल, तर एका मोठ्या माणसाला शिजलेलं, बिनहाडाचं १२० ते १३० ग्रॅम मांस पोटभर होतं. आपण १३० धरू. तुमच्या ग्रुपमध्ये चौदा जण आहेत आणि दोघं शाकाहारी आहेत, असं समजा. म्हणजे बारा जणांना साधारण १,५६० ग्रॅम मांस ताटात यायला हवं. हा आकडा लक्षात ठेवा, आता दुकानात जाऊ.

कोंबडी: काटा आधीचा की नंतरचा?

कर्जत, चौक किंवा खोपोलीच्या बाजारात ब्रॉयलर बहुतेक वेळा तुमच्यासमोर पिंजऱ्यातून काढून जिवंत वजनावर दिला जातो. दोन किलोची कोंबडी घेतलीत, तर पिसं, रक्त, आतडी, डोकं, पाय आणि कातडी गेल्यावर हातात साधारण १ किलो ३०० ग्रॅम येतं. यात एक तृतीयांश हाड असतं, म्हणजे मांस उरतं साधारण ८७० ग्रॅम. शिजताना त्यातलं पाणी आणि चरबी रश्श्यात उतरते आणि वजन आणखी तीस टक्क्यांच्या आसपास घटतं. शेवटी खायला मिळतं सहाशे ग्रॅमच्या थोडं वर. दोन किलोचे सहाशे ग्रॅम! दुकानदाराने मापात मारलं असं वाटेल, पण त्याचा यात काही दोष नाही. कोंबडीचं गणितच असं आहे.

आता ते ‘बारा जणांना तीन किलो’ पुन्हा बघा. तीन किलो जिवंत वजन असेल, तर साफ होऊन दोन किलोलाही थोडं कमी आणि शिजून नऊशे ग्रॅमच्या आसपास. माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे पीस. तेच तीन किलो साफ केलेलं असेल, तर शिजून १,४०० ग्रॅम मिळतं आणि जेवण जवळजवळ निभावतं. दोघांच्या तोंडी ‘तीन किलो’च होतं, पण ताटात फरक अर्ध्या किलोचा पडला.

आपल्या १,५६० ग्रॅमसाठी साफ केलेलं चिकन साधारण ३ किलो ३०० ग्रॅम किंवा जिवंत वजनाने पाच किलोच्या थोडं वर लागेल. इथे अडीच किलोच्या दोन मोठ्या कोंबड्या घेण्यापेक्षा पावणेदोन किलोच्या तीन घ्या. वजन तेवढंच होतं, पण चाराऐवजी सहा लेग पीस मिळतात आणि वाढणाऱ्याचं टेन्शन कमी होतं. कलेजी-पोटा पिशवीत टाकायला सांगा. तुमच्या पैशांतलंच आहे ते.

भावाची तुलनाही याच गणिताने होते. समजा जिवंतचा भाव १५० रुपये किलो आहे आणि शेजारचं दुकान साफ केलेलं २४० ने देतंय. १५० ला ०.६५ ने भागा, उत्तर येतं २३१. म्हणजे ९० रुपयांचा वाटणारा फरक खरं तर नऊ रुपयांचा आहे. कापायच्या आधी काटा बघितलात की आकडा समोर राहतो. साफ केलेलं चिकन पिशवीत पाणी सोडत असेल, तर मात्र सावध व्हा. पाण्यात भिजवलेलं किंवा फ्रीझरमधून काढलेलं मांस वजनात ते पाणीही मोजून देतं. पिशवी तिरकी धरली की तळाशी जमलेलं पाणी दिसतं.

गावठी कोंबडीचा हिशेब वेगळा. वाडीवर ती बऱ्याचदा किलोवर न विकता नगावर विकली जाते. अंगाने सडपातळ, छातीला मांस कमी, हाडाचं प्रमाण जास्त. पिसं काढून जाळावर भाजतात आणि कातडी ठेवतात म्हणून साफ केल्यावरचं वजन बरं दिसतं, पण खाण्यासारखं मांस ब्रॉयलरपेक्षा कमीच निघतं. दीड किलोची गावठी तीन जणांना धरा, चौथ्याने रश्श्यावर समाधान मानायचं. आणि ती शिजायला बराच जास्त वेळ लागतो, भूक लागायच्या आधीच चुलीवर चढवा.

मटण: हाड विकत घेताय, पण किती?

मटणाच्या दुकानात पहिलं वजन आधीच गेलेलं असतं. बोकड सोलून टांगलेला असतो आणि तुम्ही त्यातलंच मांस घेता. म्हणून किलोमागे मटण कोंबडीच्या जिवंत वजनापेक्षा बरंच जास्त पुरतं. एक किलो मिक्स मटणात साधारण पाव किलो हाड असतं. उरलेलं पाऊण किलो शिजून पाचशे ग्रॅमच्या जरा खाली येतं. बारा जणांना सव्वातीन किलो पुरे. ‘एक किलोत चार जण’ हा जुन्या लोकांचा हिशेब यातूनच आलाय.

पण हे पाव किलो हाड सगळीकडे सारखं नसतं. मांडीत मांस जास्त, चाप, सीना आणि गर्दन यांत हाड जास्त. बोलता बोलता सगळं चाप आणि नळीच तुमच्या वाट्याला आली, तर तीन किलोत दहा जणही नीट जेवणार नाहीत. म्हणून सरळ सांगा, ‘मांडी-खांदा जास्त टाका, चाप थोडे, नळ्या चार.’ नळी रश्श्याला चव देते, ती अगदीच नको म्हणू नका. अगदी कोवळ्या बोकडाचं मटण पटकन शिजतं, पण त्यात मांसाच्या मानाने हाड जास्त निघतं. बरगडी बोटापेक्षा बारीक आणि मांस फिकट गुलाबी दिसलं, तर पाव किलो वाढवून घ्या.

मोठा ग्रुप असेल, तर गावात बोकड कापून वाटे घालतात, त्यातला वाटा घ्यायची कल्पना कोणीतरी काढतंच. वीस किलोचा जिवंत बोकड नऊ-दहा किलो मटण देतो. मुंडी, पाया, वजडी, कलेजी वेगळी. वाट्यात सगळ्याच भागांचा हिस्सा येतो, त्यामुळे निव्वळ रश्श्याचं मटण दुकानातल्या किलोपेक्षा कमी निघतं. वजडी साफ करणारं आणि खाणारं कोणी असेल तरच वाटा परवडतो.

मासा: डोकं कोण खाणार?

गटारीच्या दिवसांत मासा घेणं अवघड असतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्यामुळे बाजारात येणारी सुरमई बऱ्याचदा बर्फातली असते आणि महाग असते. कर्जत-खालापूरसारख्या आतल्या भागात या दिवसांत कटला-रोहू जास्त दिसतात.

कटल्याचं डोकं मोठं, आणि गंमत तिथेच होते. मासेवाली पूर्ण मासा तोलते, मग कापते. एक किलोच्या कटल्याची खवलं, कल्ले, पर आणि आतडी गेली की आठशे ग्रॅम उरतं. डोकं बाजूला ठेवलं की सहाशेच्या आत. मधला काटा आणि शिजण्यातली घट धरली की खायला चारशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बारा जणांना चार किलो मासा लागेल. सुरमईचं डोकं मानाने छोटं आणि काटेही कमी. तिच्या पूर्ण वजनातलं जवळपास अर्धं खायला मिळतं आणि सव्वातीन किलोत भागतं. किलोचा भाव बघून कटला स्वस्त ठरवण्याआधी हा फरक धरा. अर्थात ग्रुपमध्ये डोक्याचं कालवण करणारं आणि चोखून खाणारं कोणी असेल, तर गणित पुन्हा तुमच्या बाजूने झुकतं.

वलगणीचे छोटे मासे यात बसत नाहीत. ते पोट साफ करून डोक्यासकट तळले जातात, वाया काहीच जात नाही.

दोन प्रकार असतील तर?

चिकन आणि मटण एकाच जेवणात असेल, तर दोन्हीचं पूर्ण माप घेऊ नका. पण निम्मं-निम्मंही पुरत नाही, कारण प्रत्येक जण दोन्ही चाखतो आणि थोडं जास्तच खातो. माणशी दोन्हीचे ७५-७५ ग्रॅम धरा. आपल्या बारा जणांना साफ केलेलं चिकन दोन किलो आणि मटणही दोन किलोच्या आत होईल.

उलट, थंडीत येऊन पोपटी लावणार असाल, तर मडक्यात रस्सा नसतो. भाकरीही फारशी कोणी खात नाही. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी पोट भरतात, तरीही चिकन माणशी तीनशे ग्रॅम, साफ केलेलं, धरलेलं बरं. शेंगा कमी पडल्या, तर सगळ्यांचे हात चिकनवरच जातात.

पहिल्यांदा करत असाल, तर जेवण झाल्यावर ताटातली हाडं आणि काटे एका पिशवीत गोळा करून घरच्या काट्यावर ठेवा. किती किलो आणलं होतं आणि किती उरलं, ते ग्रुपच्या चॅटमध्ये टाकून पिन करा. तुमचे मित्र किती खातात, तुमचा मटणवाला किती हाड देतो, हे तुमच्याच आकड्यांतून कळेल आणि पुढच्या वेळी पाव किलोवर वाद घालायची गरज उरणार नाही.