इस्त्रीची सुरुवात पॉलिस्टरपासून करा

कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे कमी तापमान, दोन म्हणजे मध्यम आणि तीन म्हणजे जास्त. साधारणपणे पॉलिस्टरला एक, रेशमाला दोन, सुती आणि लिननला तीन ठिपके पुरतात.

इस्त्री तापते पटकन, पण निवते सावकाश. सुती कुर्त्यानंतर बटण खाली फिरवून लगेच पॉलिस्टरचा शर्ट घेतला, तर तळ अजून तापलेलाच असतो. म्हणून आधी पॉलिस्टर, मग रेशमी साडी, शेवटी सुती आणि लिनन, असा क्रम ठेवा. रेशीम उलट्या बाजूने, वर पातळ सुती कापड ठेवून करा. पाणी शिंपडू नका, डाग राहतात. लिनन मात्र किंचित ओलसर असतानाच करा, वाळल्यावर चुण्या हटत नाहीत.

सुती कापड करपताना आधी पिवळसर पडते आणि जळका वास येतो. पॉलिस्टर मऊ होऊन चकाकते, आणि ती चकाकी सहसा जात नाही. कापड मिश्र असेल, तर नाजूक धाग्याचे तापमान ठेवा. नवा कपडा आधी आतल्या शिवणीवर तपासा आणि इस्त्री एका जागी थांबवू नका.