दुसऱ्या फेरीत ऐकू येणारं

‘न्यू गेम प्लस’ म्हणजे कमावलेली ताकद आणि हत्यारं घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळणं, एवढ्यावर बहुतेकांचं बोलणं थांबतं. या समजुतीशी मी कित्येक वर्षं भांडतो आहे. गोष्ट सांगणाऱ्या गेममध्ये दुसऱ्या फेरीची खरी मिळकत म्हणजे आधी पाहिलेला प्रसंग पुन्हा पाहताना बदललेला त्याचा अर्थ. ताकद त्यापुढे गौण आहे.

हे नाव रूढ केलं ते १९९५च्या ‘क्रोनो ट्रिगर’ने. जत्रेतल्या यंत्राच्या एका बाजूला चमक दिसते, तिथून थेट शेवटच्या शत्रूशी, लाव्होसशी लढायला जाता येतं, आणि त्याला कथेच्या कोणत्या टप्प्यावर हरवलं यावरून शेवट बदलतो. कल्पना सुंदरच होती. पण बदलतो तो शेवट. मधले प्रसंग होते तसेच राहतात. पुढे अनेक गेमांनी या कल्पनेतले फक्त आकडे उचलले. शत्रू दणकट, बक्षिसं मोठी, संवाद तेच. त्यांच्यावर इथे जागा घालवत नाही.

मला बोलायचंय ते २०१०च्या ‘नीअर’बद्दल. दिग्दर्शक योको तारो, निर्मिती काव्हिया या स्टुडिओची. त्याच वर्षी तो स्टुडिओ संपला. आम्हा काही मित्रांत मिळून एकच डिस्क होती आणि ती हातोहात फिरायची. पहिला शेवट झाला की जवळजवळ प्रत्येक जण ती परत करायचा. “संपली की रे,” म्हणायचा. माझं एकच उत्तर असायचं: अर्धी झाली.

कारण तिची दुसरी फेरी पहिल्या प्रसंगापासून सुरूच होत नाही. ती कथेतल्या पाच वर्षांच्या खंडानंतरचा भाग पुन्हा खेळायला लावते. सुरुवातीलाच काळ्या पडद्यावर नायकाच्या सोबतीने लढणाऱ्या कायनेच्या बालपणाची हकिकत वाचायला मिळते: तिला सांभाळणारी आजी, ज्यांच्याशी आपण गेमभर लढतो त्या शेडांपैकी एकाच्या हातून झालेला आजीचा मृत्यू, आणि कायनेच्या शरीरात शिरलेला टायरान नावाचा शेड. पुढे खेळताना नकाशा तोच, वाटा त्याच, लढायाही त्याच. फक्त पहिल्या फेरीत ज्या शेडांचं निव्वळ गुरगुरणं ऐकू आलं, ते आता काय बोलतात ते कळू लागतं.

जंक हीपचा प्रसंग घ्या. भाऊ गमावलेला गिडियन यंत्रमानवाचा आणि त्याच्यासोबतच्या शेडचा सूड घ्या म्हणतो. पहिल्यांदा आपण जातो, लढतो, जिंकतो. गिडियनचा राग तेवढा जरा जास्त वाटतो. दुसऱ्या फेरीत कळतं की तो शेड म्हणजे आई गमावलेलं कलिल नावाचं लेकरू आहे. पी-३३ हे यंत्र हळूहळू त्याचं मित्र झालंय आणि दोघांना मिळून बाहेरचं जग बघायचंय. आपण येतो ते नेमके त्यांच्या आड. लढाई संपल्यावरचा गिडियनचा तोच आक्रोश आता ऐकवत नाही. त्याच्या तोंडचा शब्द बदललेला नसतो, आपल्या कानावर मात्र मधल्या वेळात दुसऱ्या बाजूचं बोलणं पडलेलं असतं.

याहून खोल बदल कायनेमध्ये होतो. टायरान अंगात असल्यामुळे तिला शेडांचं बोलणं पहिल्यापासून कळत होतं. म्हणजे दुसऱ्या फेरीत आपल्याला जे ऐकू येतं, ते तिला पहिल्या फेरीतही ऐकू येत होतं. तिच्या शिव्या, मध्येच गप्प होणं, लढाईनंतर बाजूला जाऊन उभं राहणं हे सगळं मागे जाऊन आठवावं लागतं. आणि आपल्याला कळलं म्हणून सुटका नाही. गेम वेगळा पर्याय देतच नाही, तलवार तशीच चालवावी लागते. “मग ऐकवलं कशाला?” असं विचारणारे भेटतात. कळूनही हात न थांबणं ही कायनेची अवस्था आहे. त्या अवस्थेत खेळणाऱ्याला उभं करायला दुसरी फेरीच लागते.

रचनेत दोष आहेत. तेच रस्ते पुन्हा तुडवावे लागतात, तिसऱ्या आणि चौथ्या शेवटासाठी सगळी हत्यारं गोळा करावी लागतात, तिथे दमछाक होते. दुसरी अडचण वाढलेल्या ताकदीची. बॉस इतक्या झटपट मरतो की त्याचं बोलणं अर्धवट राहतं. वाक्य मध्येच तुटलं की समजावं, आपण फार जोरात मारतोय. अशा वेळी मी हल्ला थांबवून नुसता चुकवत फिरतो आणि त्याचं बोलणं पुरं होऊ देतो.

योको तारोंनीच २०१७च्या ‘नीअर: ऑटोमाटा’त हा प्रयोग दुसऱ्या पात्राच्या नजरेतून केला. तो गाजला, पण कायनेइतका मला तो भिडला नाही. आता मोठ्या गेमांत न्यू गेम प्लस मागाहून अपडेटने येतं. ‘गॉड ऑफ वॉर’ एप्रिल २०१८मध्ये आली आणि ही सोय ऑगस्टमध्ये. त्यात कथेचे प्रसंग ओलांडून पुढे जाण्याची मुभाही दिली. लोकांनी ती आनंदाने घेतली, मला वाईट वाटलं. क्रेटॉस आपल्या मुलापासून काय लपवतो हे माहीत झाल्यावर त्या बापलेकांचे होडीतले सुरुवातीचे संवाद पुन्हा ऐकावेत असे आहेत. मी ते ऐकले. अत्रेयस गोष्ट सांग म्हणतो आणि क्रेटॉस बोलायचं टाळतो, तेव्हा मी वल्हं थांबवून होडी पाण्यात तशीच राहू दिली.