भाव चढला आणि खाणींतलं सोनं घटलं

1970 साली दक्षिण आफ्रिकेच्या खाणींनी 1,000 टन सोनं काढलं. एका वर्षात एवढं सोनं कुठल्याही देशाने त्याआधी काढलं नव्हतं आणि त्यानंतरही काढलेलं नाही. तेव्हा एका औंसाला, म्हणजे साधारण 31 ग्रॅमला, 36 डॉलरच्या आसपास भाव होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेने डॉलर आणि सोन्याची गाठ सोडली आणि भावाने उचल घेतली. 1980 सालची सरासरी सहाशे डॉलरच्या वर गेली. मालाला सोळा-सतरा पट पैसे मिळू लागल्यावर कुठलाही धंदेवाईक जास्त माल काढेल, असं आपण धरून चालतो. पण त्या वर्षी त्याच देशातल्या खाणींतून निघालेलं सोनं होतं जेमतेम पावणेसातशे टन. दहा वर्षांत उत्पादन सुमारे एक तृतीयांशाने घसरलं होतं.

यात संप, युद्ध, दुर्घटना असलं कारण शोधायची गरज नाही. खाणमालकांनी जाणूनबुजून आणि आपल्या हिशेबाने अगदी शहाणपणाने हे केलं होतं.

जोहान्सबर्गच्या परिसरातलं सोनं खडकाच्या पातळ थरांत आहे. थर कुठे हातभर जाड, कुठे चार बोटं, आणि जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर. सगळा थर सारखा नसतो. एका जागी टनभर खडकात वीस ग्रॅम सोनं असतं, थोडं पुढे गेलं की चारच ग्रॅम. खडक फोडायचा, वर आणायचा, दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवून वेगळं करायचं. हा खर्च दर टनामागे साधारण ठरलेला. त्यामुळे प्रत्येक खाणीत एक किमान पातळी काढलेली असते: टनामागे इतके ग्रॅम असतील तरच तो खडक उचलायचा, नाहीतर तिथेच सोडायचा.

एक कल्पित खाण घेऊ. दर टनाला दहा डॉलर खर्च येतो आणि गिरणी महिन्याला एक लाख टन खडक दळू शकते. औंसाला 36 डॉलर म्हणजे ग्रॅमला सव्वा डॉलरपेक्षाही कमी, 1.15 डॉलर. दहा डॉलर वसूल व्हायला टनात जवळजवळ नऊ ग्रॅम हवेत. म्हणून खाण नऊच्या वरचाच खडक उचलते. त्याची सरासरी समजा 13 ग्रॅम पडली, तर महिन्याला 1,300 किलो सोनं आणि साधारण 15 लाख डॉलर. आता भाव पाचपट करा. दोन ग्रॅमचा खडकही परवडू लागतो. आधी सोडून दिलेला चार-पाच ग्रॅमचा माल गिरणीत जातो आणि सरासरी 7 ग्रॅमवर येते. गिरणी मात्र तेवढीच आहे. ती महिन्याला एक लाख टनच दळणार. सोनं निघतं 700 किलो, आणि मालकाच्या हाती पडतात 40 लाख डॉलर. अर्ध्या मालात अडीच पटींहून जास्त पैसा. प्रत्यक्ष दक्षिण आफ्रिकेतही त्या दहा वर्षांत खडकातल्या सोन्याची सरासरी टनामागे सुमारे 13 ग्रॅमवरून 7 ग्रॅमच्या आसपास उतरली.

मग चांगला खडकच दळून मालकाने आणखी पैसे का मिळवले नाहीत? एक म्हणजे तिथल्या सरकारी भाडेपट्ट्यांचा आणि करांचा कल हलका मालही काढून घ्यावा, असाच होता. कमी नफ्याच्या खाणीला कराचा दरही कमी पडे. दुसरं कारण जमिनीखालचं आहे. इतक्या खोलीवर खणलेली पोकळी वरच्या दाबाने हळूहळू मिटत जाते. आज बाजूला टाकलेला हलका खडक उद्या घ्यायचा म्हटलं तर तिथवर पुन्हा वाट करायचा खर्चच त्याला खाऊन टाकतो. तेव्हा भाव चांगला असताना हलका माल उरकायचा आणि भारी माल पडत्या काळासाठी राखायचा, म्हणजे खाणीचं आयुष्य वाढतं.

गिरणी मोठी करावी, असं सहज सुचतं. पण नुसती गिरणी वाढवून भागत नाही. खडक वर आणणारी विहीर रोज ठरावीकच टन ओढू शकते, आणि दोन-तीन किलोमीटर खोल नवी विहीर खणायला वर्षं लागतात. खाली खडकच इतका तापलेला असतो की थंड हवा यंत्राने खेळवल्याशिवाय माणूस टिकत नाही. म्हणजे तीही यंत्रणा वाढवायची.

नव्या जागी नवी खाण काढायची तर कथा आणखी लांबते. साठा सापडण्यापासून सोनं निघेपर्यंत दहा ते वीस वर्षं सहज जातात, आणि कधी सोनं निघतच नाही. चिली आणि अर्जेंटिना यांच्या सीमेवर, अँडीजमध्ये चार-पाच हजार मीटर उंचीवर पास्कुआ-लामा नावाचा साठा आहे. बॅरिक या कॅनडाच्या कंपनीने 2009 साली तिथे बांधकाम सुरू केलं. भाव तेव्हा चढत होता. खर्चाचा अंदाज तीन अब्ज डॉलरवरून आठ अब्जांच्या पुढे गेला. हिमनद्या आणि खालच्या खोऱ्यातलं पाणी यांवरून लोक कोर्टात गेले, 2013 साली काम थांबलं, आणि 2020 साली चिलीच्या पर्यावरण न्यायालयाने त्यांच्या बाजूचं काम कायमचं बंद करायचा आदेश उचलून धरला. सोनं आहे तिथेच आहे.

बंद पडलेली खाण पुन्हा उघडणंही सोपं नाही. कर्नाटकातली कोलारची खाण 28 फेब्रुवारी 2001 रोजी बंद झाली, कारण सोनं काढायचा खर्च भावाच्या कितीतरी वर गेला होता. नियतीचा विनोद असा, की सोन्याची पुढची मोठी तेजी त्याच वर्षापासून धरतात. भाव पुढे दहापटीहून अधिक वाढला, पण पंप थांबल्यावर तीन किलोमीटर खोलीपर्यंतचे बोगदे पाण्याने भरत गेले. आता नवा विचार चालतो तो मुख्यतः वर पडलेल्या जुन्या गाळाच्या टेकड्यांचा.

खाणी भावाला प्रतिसादच देत नाहीत, असं मात्र नाही. देतात, पण उशिरा, इतक्या उशिरा की तोवर बाजार उलटा फिरलेला असतो. सत्तरच्या दशकातल्या तेजीने अमेरिकेच्या नेवाडात आणि ऑस्ट्रेलियात हलक्या प्रतीच्या, पण उघड्यावर खणता येणाऱ्या साठ्यांवर पैसा लावला गेला. खडकाचे ढीग रचून त्यांवर सायनाइडचं पाणी झिरपवायची स्वस्त रीत रुळली. जगाचं उत्पादन 1980 सालच्या सुमारे बाराशे टनांवरून शतकाच्या अखेरीस अडीच हजारांवर गेलं. भाव त्याच काळात सहाशेवरून तीनशेच्या खाली आला. पुढच्या तेजीतही तोच प्रकार. 2001 ते 2008 या काळात भाव तिपटीहून जास्त झाला आणि उत्पादन थोडं घटलंच. ते वाढत वाढत 2018 च्या सुमारास साडेतीन हजार टनांच्या पुढे गेलं, तेव्हा 2011 चा शिखरभाव मागे पडून सात वर्षं झाली होती.

आता समजा, खाणी उद्याच्या उद्या दहा टक्के जास्त सोनं काढू लागल्या. तरी काय होईल? वर्षाला सुमारे 3,600 टन निघतं, ते 3,960 होईल. पण माणसाने आजवर काढलेलं सोनं, जागतिक सुवर्ण परिषदेच्या 2024 अखेरच्या अंदाजानुसार, सुमारे 2 लाख 16 हजार टन आहे. वाढीव 360 टन म्हणजे त्याच्या हजारात दोन भागही नाहीत. तांबं तारांत अडकतं, तेल जळून जातं, कांदा खाल्ला जातो. त्यांचे साठे काही आठवड्यांचे असतात, म्हणून नवा माल किती आला यावर भाव हलतो. सोनं गंजत नाही आणि फेकावं इतकं स्वस्त कधी होत नाही. ते दागिन्यांत, विटांत, बँकांच्या तिजोऱ्यांत साठत जातं. सध्याच्या वेगाने खाणी साठ वर्षं चालल्या तर एवढा साठा पुन्हा उभा राहील.

हा साठा बाजारात यायला विहीर खणावी लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरली आहेत. सराफाकडे मोडीत आलेला दागिना त्यांच्या मुशीत आटतो, त्याचा टंच निघतो, तेजाबाने भेसळ वेगळी होते, आणि सोनं पुन्हा विकायला तयार होतं. याला महिनेही लागत नाहीत. 2007 साली जगभरात मोडीतून सुमारे हजार टन सोनं आलं होतं. 2009 साली मंदीने हात आखडले, भावही चढा होता, तर ते सोळाशे टनांच्या पुढे गेलं. खाणींना एवढी वाढ द्यायला दहा वर्षं लागली असती. अर्थात साठा उलट्या बाजूनेही वागतो. भाव आणखी चढेल असं वाटलं, की लोक मोड घालत नाहीत. फार तर दागिना तारण ठेवून कर्ज काढतात. अलीकडच्या विक्रमी भावांत मोडीचं सोनं त्या मानाने बेताचंच वाढलं, ते यामुळे. वर्षाच्या खाणमालाच्या निम्म्याहून अधिक फरक पडायला साठ्यातल्या शंभरातल्या एका ग्रॅमच्या मालकाने मन बदललं तरी पुरतं.

1999 साली हे उघड दिसलं. 7 मे रोजी ब्रिटन सरकारने आपल्या साठ्यातलं निम्म्याहून अधिक सोनं विकायची घोषणा केली. एक ग्रॅमही विकला जाण्याआधीच भाव घसरू लागला आणि उन्हाळ्यात अडीचशे डॉलरच्या जवळ आला. 26 सप्टेंबरला युरोपातल्या पंधरा मध्यवर्ती बँकांनी मिळून सांगितलं, की आम्ही वर्षाला 400 टनांहून जास्त विकणार नाही. दोनेक आठवड्यांत भाव सव्वातीनशेपर्यंत उसळला. त्या पाच महिन्यांत जगातल्या खाणी आपल्या नेहमीच्या चालीने चालू होत्या. घानातल्या अशांती कंपनीला तर त्या उसळीने जवळपास बुडवलं. भाव पडतच राहील, असं धरून तिने पुढच्या वर्षांचं सोनं आगाऊ भावात बांधून टाकलं होतं. भाव वाढताच त्या सौद्यांवर तारण म्हणून भरावी लागणारी रक्कम इतकी फुगली, की आपल्याच मालाला तेजी आलेली असताना या खाण कंपनीला कर्जदात्यांकडे मुदत मागायची वेळ आली.